फॉर्ममधला अकरावा प्रश्न

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. शेवटचा पेशंट गेला, मावशींनी फरशी पुसून बाहेरचा दिवा मालवला आणि मी टेबलावरचा स्टेथोस्कोप बाजूला सारून विमा कंपनीचा प्रपोजल फॉर्म पुढे ओढला. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी माझं सहा खाटांचं क्लिनिक आहे. मी एमबीबीएस, जनरल प्रॅक्टिस करते. तेरा वर्षं झाली. फॉर्ममधले पहिले दहा प्रश्न भरायला पंधरा मिनिटं लागली असतील. नोंदणी क्रमांक, शिक्षण, खाटा किती, रोजची ओपीडी किती, नर्स किती, त्यांतल्या प्रशिक्षित किती, ॲनेस्थेशिया दिला जातो का, शस्त्रक्रिया होतात का.

अकराव्या प्रश्नाला पेन थांबलं. गेल्या पाच वर्षांत तुमच्याविरुद्ध किंवा तुमच्या कर्मचाऱ्यांविरुद्ध उपचारांबाबत एखादा दावा, तक्रार किंवा शिस्तभंगाची कारवाई झाली आहे काय? पुढे दावा होऊ शकेल अशी एखादी घटना तुमच्या माहितीत आहे काय? समोर दोन चौकोन होते, हो आणि नाही. त्याखाली तपशिलासाठी दीड ओळ.

आमचे विमा सल्लागार अण्णा दुपारीच सांगून गेले होते, "मॅडम, तिथे 'नाही'वर टिक करा. एकदा 'हो' लिहिलंत की फाइल वर जाते, हप्ता वाढतो, नाहीतर कंपनी नकोच म्हणते. मिटलेली प्रकरणं कशाला उकरायची?" अण्णांचा हेतू वाईट नव्हता. माझ्या क्लिनिकच्या आगीच्या विम्यापासून मुलीच्या स्कूटीपर्यंत सगळं तेच बघतात. पण दीड ओळीत मावणार नाहीत अशी तीन प्रकरणं माझ्याकडे होती आणि त्यांतलं एक मिटलेलंही नव्हतं.

मुळात नवा विमा शोधायची वेळ का आली, ते आधी सांगते. माझी जुनी इंडेम्निटी पॉलिसी ३१ जुलै २०२४ ला संपली होती आणि ते मला कळलं ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. ती बघणारे जुने सल्लागार निवृत्त झाले होते आणि नूतनीकरणाची सूचना मी आता वापरत नसलेल्या ईमेल पत्त्यावर जाऊन पडली होती. गावातल्या एका सर्जन मित्राला वकिलाची नोटीस आली, तेव्हा त्याने सहज विचारलं, "तुझी रेट्रो डेट कुठली?" मी घरी येऊन फाइल उघडली आणि मुदतीचा रकाना बघून खुर्चीतच बसून राहिले.

रेट्रो डेट म्हणजे पूर्वलक्षी तारीख. गाडीच्या विम्यात अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती का, एवढंच बघतात. डॉक्टरांच्या विम्याचं गणित निराळं आहे. उपचार कधी झाले आणि दावा कधी आला, दोन्ही तारखा बघितल्या जातात. दावा आला त्या दिवशी पॉलिसी चालू हवी आणि ज्या उपचाराबद्दल दावा आहे तो रेट्रो डेटनंतरचा हवा. पहिली पॉलिसी घेतली ती तारीख रेट्रो डेट म्हणून धरतात आणि दरवर्षी खंड न पडता नूतनीकरण होत राहिलं तर ती तशीच पुढे चालते. माझी २०११ ची होती. खंड पडला आणि तेरा वर्षांची ती तारीख गेली. जुन्या कंपनीत विचारलं, तर मुदत उलटून अडीच महिने झाले आहेत, आता नव्याने अर्ज करा, तारीखही नवीन मिळेल, असं उत्तर आलं. दोष माझाच होता. मी तारीख पाहिली नव्हती.

नव्यानेच अर्ज करायचा तर दुसऱ्या कंपनीकडूनही कोटेशन मागवावं, असं ठरवलं. आणि फॉर्मच्या दीड ओळीत लिहिण्याऐवजी सोबत सविस्तर ईमेल द्यायचा, असंही. त्या रात्री कपाटातून तिन्ही प्रकरणांचे कागद काढून टेबलावर मांडले.

पहिलं प्रकरण २०१९ च्या जूनमधलं. सेहेचाळीस वर्षांचे, अंगाने काटक शेतकरी कंबरदुखीसाठी आले होते. "गोळ्यांनी भागत नाही, सुई द्या," म्हणाले. मी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन लिहिलं आणि आमच्याकडे बरीच वर्षं काम केलेल्या मदतनीस बाईंनी ते कुल्ल्यात दिलं. हाताला सवय होती, पण नर्सिंगचं रीतसर शिक्षण नव्हतं. सुई टोचताच त्यांना कमरेपासून अंगठ्यापर्यंत विजेचा झटका बसल्यासारखी कळ गेली. संध्याकाळी ते परत आले तेव्हा उजवं पाऊल वर उचलता येत नव्हतं. चालताना चप्पल पायातून निसटत होती आणि बोटं जमिनीला घासत होती. कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या चतुर्थांशात द्यायची सुई खाली आणि आत गेली की पायाची मोठी नस तिच्या वाटेत येते. माणूस सडपातळ असेल तर तिथे मांसही कमी असतं. मी त्याच दिवशी त्यांना सांगलीला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. तीन आठवड्यांनी नसांची तपासणी झाली, पायाला आधाराचा स्प्लिंट लागला, व्यायाम सुरू झाला. नऊ महिन्यांनी पाऊल बरंचसं उचललं गेलं, पण पूर्ण नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी ग्राहक मंचात तक्रार केली. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरवलं आहे. सुनावणी चालू असताना नवा कायदा आला, मंचाचा आयोग झाला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये आदेश निघाला. मागणी बारा लाखांची होती. भरपाई दोन लाख चाळीस हजार आणि खर्चाचे पंधरा हजार मंजूर झाले आणि जुन्या विमा कंपनीने ते भरले. आदेशातलं एक निरीक्षण मला अजून पाठ आहे. इंजेक्शन कोणी दिलं आणि कुठे दिलं, याची केसपेपरवर काहीच नोंद नाही, असं त्यात होतं. खरंच नव्हती.

दुसरं प्रकरण २०२१ चं. तापाच्या एका पेशंटच्या नातेवाइकांनी कागदपत्रांच्या प्रती मागितल्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार लेखी मागणी आल्यापासून ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात. आम्ही त्या नवव्या दिवशी दिल्या. करोनाची दुसरी लाट होती, माणसं आजारी होती, पण नियमात लाटेसाठी सूट नाही. त्यांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. उपचारांत दोष निघाला नाही, उशिराबद्दल मला ताकीद मिळाली. इतकी वर्षं मी हे प्रकरण कार्यालयीन चूक म्हणून मनातून बाजूला टाकलं होतं. पण प्रश्नात 'शिस्तभंगाची कारवाई' असे शब्द होते. ताकीद म्हणजे तीच.

तिसऱ्या प्रकरणाचा कागद एकच होता, एक केसपेपर आणि त्याला टाचलेली ईसीजीची पट्टी. पट्टीवर वेळ छापलेली, दुपारी १२:४०. फेब्रुवारी २०२४. अठ्ठावन्न वर्षांचे दूध व्यावसायिक, पोटात वरच्या बाजूला जळजळ, थोडा घाम, उलटीची भावना. ईसीजी नॉर्मल होता. मी पित्ताचं इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या. त्यांना संध्याकाळच्या धारेला घरी पोचायचं होतं. मी केसपेपरवर लिहिलं, 'गरज वाटल्यास परत यावे'. रात्री अकराला त्यांना छातीत दुखू लागलं, घरच्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, आणि पहाटे ते गेले. हृदयविकाराचा झटका होता.

ईसीजीची पहिली पट्टी नॉर्मल आली तरी झटका नाही असं म्हणता येत नाही. हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असतं, मलाही होतं. संशय असेल तर पेशंटला बसवून ठेवायचं, काही वेळाने पुन्हा ईसीजी काढायचा, रक्तातलं ट्रोपोनिन बघायचं आणि तेही काही तासांनी पुन्हा. मी त्यांना थांबायला सांगितलं होतं की ते स्वतःच निघाले, हे आज मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, कारण लिहिलेलं नाही. तेराव्यानंतर त्यांचा मुलगा आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "मॅडम, कागद द्या. कुणाला तरी दाखवतो." दुसऱ्याच दिवशी मी त्याला पूर्ण प्रत दिली. २०२१ ची ताकीद तेवढी कामी आली होती. त्यानंतर ना नोटीस आली, ना तक्रार.

म्हणजे अकराव्या प्रश्नाचा पहिला भाग पहिल्या दोन प्रकरणांना लागू होता आणि दुसरा भाग, 'पुढे दावा होऊ शकेल अशी घटना', या तिसऱ्याला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या वकीलसाहेबांकडे गेले. अण्णांनाही बोलावून घेतलं. वकीलसाहेबांनी सगळे कागद वाचले आणि अण्णांना विचारलं, "आयोगाचे आदेश संकेतस्थळावर असतात. मॅडमचं नाव टाकलं तर हा आदेश कंपनीला सापडायला किती वेळ लागेल?" अण्णा काही बोलले नाहीत. मग वकीलसाहेब माझ्याकडे वळले. विमा हा पूर्ण विश्वासाचा करार असतो, माहिती सगळी एका बाजूला असते म्हणून ती सांगायची जबाबदारीही त्याच बाजूवर असते, असं म्हणाले. सतवंत कौर संधू विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स या २००९ च्या निकालाची त्यांनी आठवण करून दिली. तो आरोग्यविम्याचा खटला होता आणि जुना आजार लपवला म्हणून कंपनीने दावा नाकारला, ते न्यायालयाने योग्य ठरवलं. जी गोष्ट कळली असती तर विमा द्यायचा का आणि किती हप्त्याला, हे ठरवताना शहाण्या विमा कंपनीने ती विचारात घेतली असती, ती महत्त्वाची गोष्ट, हे त्याचं सार. "तुम्हाला ती महत्त्वाची वाटते का, हा प्रश्नच नाही," ते म्हणाले. "त्यांना वाटली असती का, एवढाच."

'नाही'वर टिक केली असती तर काय झालं असतं, ते मला त्या खोलीत स्पष्ट दिसलं. हप्ता कमी बसला असता, पॉलिसी हातात आली असती, दोन-तीन वर्षं नूतनीकरणही झालं असतं. आणि ज्या दिवशी एखाद्या अगदी वेगळ्या पेशंटचा, या तिघांशी काही संबंध नसलेला दावा आला असता, त्या दिवशी कंपनीने जुना आदेश शोधून काढला असता आणि पॉलिसीच निरर्थक ठरली असती. लपवलेल्या तीन प्रकरणांपायी न लपवलेली सगळी उघडी पडली असती.

ईमेल लिहायला मला तीन रात्री लागल्या. पहिल्या मसुद्यात मी लिहून बसले होते, 'माझ्या निष्काळजीपणामुळे एका पेशंटचा मृत्यू झाला'. वकीलसाहेबांनी तेवढं एक वाक्य खोडलं. म्हणाले, "माहिती द्या, निवाडा देऊ नका. निष्काळजीपणा झाला की नाही हे तज्ज्ञांचा पुरावा बघून आयोग ठरवतो. तुम्ही रात्री एकट्या बसून ठरवायचं नाही." दुसरा मसुदा उलट्या टोकाला गेला. पेशंट कसा हट्टी होता, नातेवाईक कसे उतावीळ होते, करोनात किती ओढाताण होती. वाचताना माझाच मला राग आला. तिसऱ्या मसुद्यात मी एकच नियम पाळला. प्रत्येक प्रकरणात काय घडलं, कधी घडलं, पुढे कुठे गेलं, निकाल काय, पैसे किती आणि त्यानंतर क्लिनिकमध्ये काय बदललं, एवढंच लिहायचं. विशेषणं काढून टाकली. पेशंटची नावं काढली, कारण विमा कंपनीला ती नावं कळायचं आत्ता काही कारण नव्हतं. वय, महिना आणि तक्रार क्रमांक पुरेसा होता.

ईमेल इंग्रजीत गेला. त्याचा मुख्य भाग मराठीत असा होतो.

"माननीय महोदय, माझ्या सहा खाटांच्या क्लिनिकसाठी व माझ्यासाठी व्यावसायिक दायित्व विम्याचं कोटेशन हवं आहे. मर्यादा एका घटनेसाठी २५ लाख व वर्षभरात एकूण ५० लाख अशी हवी. क्लिनिकमध्ये शस्त्रक्रिया, प्रसूती व ॲनेस्थेशिया नाही. रोजची ओपीडी सुमारे ६० आहे, निरीक्षणासाठी ठेवलेले पेशंट महिन्याला सुमारे ४० असतात. दोन नोंदणीकृत परिचारिका व दोन मदतनीस आहेत. २०२० पासून इंजेक्शन फक्त परिचारिका देतात.

"माझी आधीची पॉलिसी ३१ जुलै २०२४ रोजी संपली व तिचं नूतनीकरण झालं नाही. त्यामुळे संरक्षणात खंड आहे. त्या पॉलिसीच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

"अकराव्या प्रश्नाचं माझं उत्तर 'हो' असं आहे. तीन बाबी कळवते.

"एक. जून २०१९ मध्ये ४६ वर्षांच्या पेशंटला इंजेक्शननंतर पायाच्या नसेची दुखापत झाली. इंजेक्शन अप्रशिक्षित मदतनिसाने दिलं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये ग्राहक तक्रार, ऑगस्ट २०२२ मध्ये आदेश, भरपाई व खर्च मिळून २,५५,००० रुपये, तत्कालीन विमा कंपनीकडून अदा. अपील नाही. आदेशाची प्रत जोडली आहे.

"दोन. २०२१ मध्ये कागदपत्रांच्या प्रती ७२ तासांऐवजी नवव्या दिवशी दिल्याबद्दल वैद्यक परिषदेची ताकीद. उपचारांबाबत निष्कर्ष नाही. आता मागणीची तारीख व प्रत दिल्याची तारीख वेगळ्या रजिस्टरमध्ये सहीसह नोंदवली जाते.

"तीन. फेब्रुवारी २०२४ मध्ये ५८ वर्षांच्या पेशंटला वरच्या पोटात जळजळीच्या तक्रारीसाठी तपासलं. दुपारी १२:४० चा ईसीजी नॉर्मल होता. दुसरा ईसीजी व ट्रोपोनिन केलं नव्हतं. पेशंट घरी गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे दुसऱ्या रुग्णालयात हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. मार्च २०२४ च्या सुमारास मुलाने कागदपत्रं मागितली व ती दिली. आजपर्यंत नोटीस, तक्रार किंवा भरपाईची मागणी आलेली नाही. आधीच्या विमा कंपनीला ही घटना पॉलिसी चालू असताना कळवलेली नव्हती.

"याशिवाय दावा होऊ शकेल अशी अन्य घटना माझ्या माहितीत नाही. कोटेशन देण्याआधी आणखी काही कळलं तर मी तसं लेखी कळवीन."

तिसऱ्या बाबीतलं शेवटचं वाक्य लिहिताना माझा हात सर्वांत जड झाला होता. या संपूर्ण प्रकरणात माझी खरी चूक तिथे आहे. पुष्कळ इंडेम्निटी पॉलिसींत एक कलम असतं. दावा येण्याआधीच, दावा येऊ शकेल अशी घटना कळली आणि पॉलिसी चालू असताना ती कंपनीला लेखी कळवली, तर पुढे केव्हाही दावा आला तरी तो त्याच पॉलिसीत आल्यासारखा धरतात. माझ्या जुन्या पॉलिसीतही ते होतं. मुलगा कागद मागायला आला तेव्हा ती पॉलिसी चालू होती आणि अजून चार महिने चालणार होती. चार ओळींचं पत्र धाडलं असतं तर आज त्या घटनेमागे विमा असता. मी धाडलं नाही. मनात होतं की अजून कुठे काही आलंय, उगाच आपणच कशाला कळवायचं. अण्णा मला जे आता सांगत होते, तेच मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. म्हणजे ते दार फेब्रुवारी २०२६ पर्यंत उघडं होतं आणि माझ्यामागे कुणीच उभं नव्हतं.

ईमेल गेल्यावर तिसऱ्या दिवशी कंपनीच्या अंडररायटिंग विभागातून एका बाईंचा फोन आला. माझं मन तयार होतं की आता नकार येणार. त्यांनी शांतपणे पाऊण तास प्रश्न विचारले. परिचारिकांच्या नोंदणीच्या प्रती मागितल्या. इंजेक्शनची नोंद आता कशी करता, हे विचारलं. मी आमच्या केसपेपरबद्दल सांगितलं, ज्यावर शिक्का असतो आणि औषध, मात्रा, जागा, देणाऱ्याची सही, वेळ असे पाच रकाने भरल्याशिवाय पेशंटला बाहेर सोडत नाहीत. छातीच्या किंवा वरच्या पोटाच्या तक्रारीसाठी आता काय करता, हेही विचारलं. मी सांगितलं की चाळिशीच्या पुढचा असा पेशंट आला की पहिला ईसीजी नॉर्मल असला तरी त्याला बसवून ठेवतो, दुसरा ईसीजी काढतो, ट्रोपोनिन करतो. थांबायला नकार दिला तर धोका समजावून सांगून मराठीत तसं लिहितो आणि सही घेतो. 'गरज वाटल्यास परत यावे' हे वाक्य आम्ही वापरणं बंद केलं आहे. त्याऐवजी काय झालं तर, किती वेळात आणि कुठे जायचं, ते लिहितो.

आठवड्याने कोटेशन आलं. मूळ हप्ता १८,००० रुपये. पहिल्या प्रकरणामुळे त्यावर पंचवीस टक्के वाढ, म्हणजे ४,५००. जीएसटी धरून एकूण २६,५५०. प्रत्येक दाव्यातली पहिली ठरावीक रक्कम मी स्वतः भरायची. रेट्रो डेट म्हणजे पॉलिसी सुरू होण्याची तारीख, त्याआधीच्या उपचारांना संरक्षण नाही. आणि शेवटी एक स्वतंत्र अट, फेब्रुवारी २०२४ ची घटना व तिच्यातून निघणारा कोणताही दावा वगळण्यात आला आहे. दुसऱ्या प्रकरणासाठी काहीच नाही, फक्त 'नोंद घेतली' एवढंच.

अण्णा कागद वाचून म्हणाले, "साडेचार हजार जास्त गेले, मॅडम." मी त्यांना म्हटलं, "अण्णा, साडेचार हजारांत मला खरी पॉलिसी मिळाली." ते जरा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एक चांगली गोष्ट केली. त्यांच्याकडे पॉलिसी असलेल्या गावातल्या बाकीच्या डॉक्टरांची यादी काढली आणि प्रत्येकाच्या मुदतीची तारीख व रेट्रो डेट माझ्यासमोर वहीत लिहून घेतली.

वगळलेल्या घटनेबद्दल मी त्याच आठवड्यात एक केलं. त्या केसपेपरची, पट्टीची आणि कागद दिल्याच्या पोचपावतीची एक स्वतंत्र फाइल केली आणि त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या सिस्टरला जे आठवत होतं ते तारीख घालून वेगळ्या कागदावर लिहून ठेवलं. मूळ केसपेपरवर एक अक्षरही वाढवलं नाही. नंतर भरलेली ओळ कितीही खरी असली, तरी आयोगासमोर ती खोटीच दिसते. त्या दुपारच्या सगळ्या त्रुटी त्या कागदावर जशाच्या तशा आहेत आणि तशाच राहतील. मुलाचा राग मला कळतो. त्याने उद्या तक्रार केली तर तो त्याचा हक्क आहे. मी तिला माझ्या खिशातून आणि खऱ्या कागदांनी उत्तर देईन.

हे सगळं लिहिलं ते माझ्यासारख्या लहान क्लिनिक चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी. आज रात्री ओपीडी संपली की तुमची इंडेम्निटीची फाइल काढा आणि दोन तारखा बघा, मुदत संपण्याची आणि रेट्रो डेट. मग मनात आठवून बघा, गेल्या वर्षभरात कोणी नातेवाईक कागद मागायला आले होते का, कोणत्या पेशंटचं नाव निघालं की तुमच्या पोटात कालवतं. तसं कुणी असेल तर पॉलिसी चालू आहे तोवर कंपनीला चार ओळी लिहून कळवा आणि पोच मागून घ्या. आणि कधी नवा फॉर्म भरायची वेळ आली, तर त्या प्रश्नासमोर खरं तेच लिहा.